संशोधन निवेदन (पोस्टडॉक्टरल अर्ज)

संशोधन निवेदन किंवा रिसर्च स्टेटमेंट म्हणजे पीएच.डी. पूर्ण केलेल्या, अथवा पूर्ण करत आलेल्या, संशोधकाने पोस्टडॉक्टरल पदासाठी अर्ज करताना जोडावयाचा लेख होय. आजवर कोणते संशोधन केले, पुढे कोणत्या प्रश्नाचा शोध घ्यावयाचा आहे आणि तो शोध अमुक एका प्रयोगशाळेतच का घ्यावयाचा, या तीन गोष्टी त्यात सांगितलेल्या असतात. विज्ञानशाखांत त्याची लांबी बहुधा दोन पानांची असते. काही संस्था एका पानावर समाधान मानतात, तर काही शिष्यवृत्त्या यापेक्षा पुष्कळ अधिक मागतात. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी पोस्टडॉक्टरल शिष्यवृत्तीच्या अर्जातील मुख्य वैज्ञानिक भागाला दहा पानांची मर्यादा आहे.

हे निवेदन म्हणजे परिचयपत्र नव्हे. पदव्या, शोधनिबंध आणि पारितोषिके यांची यादी परिचयपत्रात येते. ते प्रबंधाचे सारही नव्हे, कारण प्रबंधाचे सार केलेल्या कामापाशी थांबते. सविस्तर संशोधन प्रस्तावापासूनही ते वेगळे आहे. प्रस्तावात खर्चाचा अंदाज आणि साधनसामग्रीचा तपशील द्यावा लागतो. निवेदन हा मुळात एक युक्तिवाद असतो. मागील कामातून एक प्रश्न उभा राहिला, तो एकट्याच्या बळावर सुटणारा नाही, आणि तो सोडवण्यास लागणारी गोष्ट यजमान प्रयोगशाळेपाशी आहे, असा त्याचा ओघ असतो. या तिन्हींपैकी एक दुवा निखळला, तर उरलेले दोन कितीही सुबकपणे लिहिलेले असले तरी वाचणाऱ्याला ते पटत नाहीत.

## एक ऐतिहासिक उदाहरण

पनवेल तालुक्यात खारघरच्या ओवे कॅम्प भागात टाटा मेमोरियल सेंटरचे कर्करोग उपचार, संशोधन व शिक्षण प्रगत केंद्र आहे. ते 'ॲक्ट्रेक' या नावाने ओळखले जाते. या केंद्राचे मूळ १९५२ साली मुंबईत परळ येथे स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये आहे. पुढे ही संस्था कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट म्हणून टाटा मेमोरियल सेंटरचा भाग झाली आणि २००२ साली परळहून खारघरला आली.

परळच्या या संस्थेतील संशोधिका डॉ. कमल रणदिवे (जन्म १९१७, पुणे) यांची वाटचाल पोस्टडॉक्टरल कामाचा हेतू समजून घेण्यास उपयोगी पडते. डॉ. व्ही. आर. खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. स्तनाच्या कर्करोगाला कमीअधिक प्रमाणात बळी पडणाऱ्या उंदरांच्या जातींची तुलना हा खानोलकर आणि त्यांच्या संयुक्त अभ्यासाचा विषय होता. त्यानंतर रॉकफेलर शिष्यवृत्तीवर त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. 'हीला' ही मानवी पेशींची पहिली अखंड वाढत राहणारी सेल लाइन १९५१ साली याच प्रयोगशाळेत तयार झाली. शरीराबाहेर काचपात्रात पेशी जिवंत ठेवून वाढवण्याचे तंत्र त्या काळी फार थोड्या ठिकाणी अवगत होते. रणदिवे ते तेथे शिकल्या आणि परतल्यावर त्यांनी मुंबईच्या संस्थेत ऊतक संवर्धन प्रयोगशाळा उभारली.

संशोधन निवेदनाचा सांगाडा येथे अनायासे दिसतो. आधीचे काम अख्ख्या प्राण्यावरचे होते. ट्यूमरमधील पेशीचे वर्तन प्राण्याच्या शरीरात वेगळे काढून पाहता येत नाही, ही त्या पद्धतीची मर्यादा. ती ओलांडण्याचे तंत्र ज्या प्रयोगशाळेत होते, तेथे जाणे हा त्यापुढचा स्वाभाविक टप्पा ठरतो.

## एक कल्पित अर्ज

प्रत्यक्ष लेखनातील अडचणी ध्यानात याव्यात म्हणून पुढे एक अर्ज उदाहरणादाखल घेतला आहे. त्यातील अर्जदार कल्पित आहे, मात्र तिने मांडलेला जीवशास्त्रीय प्रश्न खरा आहे.

अर्जदाराने पुण्यात फळमाशीवर (ड्रोसोफिला) पीएच.डी. केली. ऊतकात दुबळ्या पेशी सशक्त पेशींच्या शेजारी आल्या, तर दुबळ्या पेशी मरून नाहीशा होतात. त्याच पेशी एकट्या असत्या तर जगल्या असत्या. 'पेशींची स्पर्धा' म्हणून ओळखली जाणारी ही घटना १९७५ साली स्पेनमधील जिनेस मोराता आणि पेद्रो रिपोल यांनी फळमाशीत वर्णन केली. अर्जदाराचे काम या स्पर्धेवरचे आहे. पेशीमृत्यू घडवून आणणारे 'ड्रॉन्क' हे प्रथिन कमी केले, तर हरणाऱ्या पेशी टिकून राहतात का, हे तिने तपासले.

तिला आता मुखाच्या कर्करोगावर काम करावयाचे आहे आणि ॲक्ट्रेकसारख्या केंद्रातील एका गटाकडे ती अर्ज करत आहे. याला सबळ कारण आहे. तंबाखू चघळण्याच्या सवयीमुळे भारतात हिरडी आणि गालाच्या आतील बाजूचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग जीनोम प्रकल्पाच्या भारतीय गटाने २०१३ साली या कर्करोगातील उत्परिवर्तनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कल्याणी (पश्चिम बंगाल) येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था आणि ॲक्ट्रेक या संस्था त्यात सहभागी होत्या. प्रथम ५० रुग्णांच्या आणि नंतर पडताळणीसाठी आणखी ६० रुग्णांच्या ट्यूमरचा अभ्यास करण्यात आला. वारंवार बिघडलेल्या जनुकांत कॅस्पेज-८ हे पेशीमृत्यूशी निगडित जनुक होते.

### मागील काम

तिच्या पहिल्या मसुद्यातील पहिला परिच्छेद साधारणतः असा होता:

> माझ्या पीएच.डी.त मी फळमाशीतील पेशीमृत्यूचा अभ्यास केला. मी जनुकीय संकर, कॉन्फोकल सूक्ष्मदर्शन, वेस्टर्न ब्लॉट, पीसीआर आणि प्रतिमा विश्लेषण या तंत्रांत प्रावीण्य मिळवले. या कामातून पेशीमृत्यूच्या क्षेत्रात महत्त्वाची भर पडली आहे.

बहुसंख्य पहिले मसुदे याच वळणाचे असतात. यात खोटे काही नाही, पण निष्कर्ष कोठेच नाही. तंत्रांची यादी परिचयपत्रात आलेलीच आहे, आणि 'महत्त्वाची भर' पडली की नाही हे ठरवणे वाचणाऱ्याचे काम आहे. सुधारलेला परिच्छेद असा:

> सशक्त शेजाऱ्यांमध्ये सापडलेल्या दुबळ्या पेशी का मरतात, हा माझ्या प्रबंधाचा प्रश्न होता. अळीच्या पंखाच्या ऊतकात मी दोन्ही प्रकारच्या पेशी शेजारीशेजारी तयार केल्या. दुबळ्या पेशींतील ड्रॉन्क कमी केल्यावर त्या नाहीशा झाल्या नाहीत. त्या टिकल्या, परंतु पसरल्या नाहीत. मरण टळणे आणि वाढ होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे यावरून दिसले. वाढीसाठी आणखी काय लागते, हे फळमाशीत मला सांगता आले नाही.

दोन्ही परिच्छेदांतील फरक भाषेच्या सफाईचा नाही. दुसऱ्यात प्रश्न, पद्धत, निष्कर्ष आणि अनुत्तरित राहिलेली गोष्ट या क्रमाने येतात. शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे, कारण पुढील योजना त्याच्यावरच उभी राहते. आपल्या कामाची मर्यादा उघड करणे अनेकांना धोक्याचे वाटते. प्रत्यक्षात मर्यादा न दाखवणाऱ्या निवेदनात पुढे काही करण्याचे कारणच उरत नाही.

'मी' आणि 'आम्ही' यांचा वापरही येथे जपून करावा लागतो. प्रयोगशाळेतील काम सामूहिक असते, त्यामुळे सर्वत्र 'आम्ही' लिहिण्याची सवय जडलेली असते. परंतु निवड करणाऱ्याला अर्जदाराने स्वतः काय केले हे जाणून घ्यावयाचे असते. सहकाऱ्याने केलेले विश्लेषण सहकाऱ्याचेच म्हणून सांगावे, स्वतःचे स्वतःचे म्हणून. शिफारसपत्र देणारे मार्गदर्शकही याच कामाविषयी लिहिणार असतात, आणि दोन कागदांतील विसंगती चटकन नजरेत भरते. अप्रकाशित निबंधांबाबत असाच काटेकोरपणा हवा. 'परीक्षणाधीन', 'प्रीप्रिंट उपलब्ध' आणि 'लेखन चालू' या तीन अवस्था भिन्न आहेत.

### पुढील दिशा

या भागात सर्वाधिक चुका होतात आणि त्या ओळखण्यास विषयाचे ज्ञान लागते. अर्जदाराने सुरुवातीला लिहिले होते की, फळमाशीत ड्रॉन्क कमी केल्यावर पेशी टिकतात, म्हणून मानवी मुखपेशीत कॅस्पेज-८ बिघडल्यावरही त्या टिकत असणार. वरवर हे वाक्य ठीक वाटते. परंतु ड्रॉन्कचे मानवातील जवळचे नातलग कॅस्पेज-८ नसून कॅस्पेज-९ आहे. कॅस्पेज-८ शी जवळीक असलेले फळमाशीतील प्रथिन म्हणजे 'ड्रेड', आणि त्याचे प्रमुख कार्य जिवाणूंविरुद्धच्या प्रतिकाराशी संबंधित आहे. कर्करोगावर काम करणारा परीक्षक हे वाक्य वाचताच थांबेल आणि पुढचे सर्व संशयाने वाचेल.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. मानवी पेशीत कॅस्पेज-८ दोन कामे करते. ते एका प्रकारचा पेशीमृत्यू सुरू करते आणि 'नेक्रोप्टोसिस' नावाच्या दुसऱ्या प्रकाराला रोखून धरते. त्यामुळे ते नाहीसे झाल्यास पेशी जगेलच असे नाही. दुसऱ्या मार्गाची यंत्रणा त्या पेशीत शाबूत असेल, तर पेशी अधिक सहजपणे मरू शकते.

या दोन्ही अडचणी ध्यानात आल्यावर अर्जदाराने प्रथिनांमधील साम्याचा आधार सोडून दिला आणि असे लिहिले की, फळमाशीतून ती प्रश्न विचारण्याची पद्धत घेऊन येत आहे. बिघडलेली पेशी एकटी असताना आणि निरोगी शेजाऱ्यांमध्ये असताना वेगळी वागते का, हा तो प्रश्न. तो मुखाच्या पेशींना विचारता येतो, मग दोन्हीकडील प्रथिने एकमेकांची नातलग असोत वा नसोत.

त्यानंतर पहिला प्रयोग स्पष्टपणे मांडता आला. निरोगी मुखपेशींची सेल लाइन घ्यावयाची, तिच्यातील काही पेशींतील कॅस्पेज-८ चे जनुक क्रिस्पर तंत्राने निकामी करावयाचे आणि त्या पेशींना लाल, तर मूळ पेशींना हिरवा चमकणारा रंग द्यावयाचा. मग लाल पेशी एका पात्रात एकट्या आणि दुसऱ्या पात्रात हिरव्या पेशींसह वाढवून दोन आठवडे ठराविक दिवसांनी मोजावयाच्या. मिश्र पात्रातच लाल पेशींची सरशी झाली, तर शेजाऱ्यांचा परिणाम आहे. दोन्ही पात्रांत त्या सारख्याच वेगाने वाढल्या आणि तो वेग हिरव्यांपेक्षा अधिक असला, तर त्या मुळातच वेगाने वाढणाऱ्या आहेत व स्पर्धेची कल्पना अनावश्यक आहे. लाल पेशी घटल्या, तर नेक्रोप्टोसिसचा संशय येतो, आणि तो मार्ग रोखणारे औषध घालून हा संशय तपासता येतो. अर्थात रंगद्रव्यामुळे वा क्रिस्परच्या प्रक्रियेमुळेच पेशी मंदावल्या नाहीत ना, हे पाहण्यासाठी रंगांची अदलाबदल करून आणि जनुक न बिघडवता तीच प्रक्रिया केलेल्या पेशी घेऊन प्रयोग पुन्हा करावा लागतो.

तिन्ही शक्यतांतून काहीतरी शिकता येते, हे या योजनेचे बळ आहे. 'असे घडेल' एवढेच सांगणारी योजना तसे न घडल्यास कोसळते. पर्यायी परिणाम आणि त्यांचा अर्थ दिलेला असला, की अर्जदाराने प्रयोगाचा खरोखर विचार केला आहे याची खात्री पटते. निवेदनात यासाठी दहाबारा ओळी पुरतात.

दुसरा टप्पा रुग्णांच्या ऊतकाचा. ट्यूमरच्या कडेला, जेथे बिघडलेल्या आणि निरोगी पेशी एकमेकींना भिडतात, तेथे मरणाऱ्या पेशी कोणत्या बाजूस आहेत हे पाहावयाचे. येथे कालमर्यादा आडवी येते. भारत सरकारची राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल शिष्यवृत्ती दोन वर्षांची असते. मानवी ऊतकावरील कामाला संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मान्यता लागते आणि त्यात काही महिने सहज जातात. म्हणून समितीकडील अर्ज पहिल्याच महिन्यात, आणि मान्यता येईपर्यंत सेल लाइनवरील प्रयोग, असा क्रम तिने दिला. दोन वर्षांत तीन जनुके, प्राण्यांवरील प्रयोग आणि औषधाचा शोध असे सारे मांडणारे निवेदन महत्त्वाकांक्षी दिसत नाही. लिहिणाऱ्याने आजवर अशा कामाचे वेळापत्रक पाहिलेले नाही, एवढेच त्यातून कळते.

### यजमान प्रयोगशाळेशी मेळ

या भागाचे नेहमी आढळणारे रूप म्हणजे स्तुती. 'आपल्या जगद्विख्यात प्रयोगशाळेत काम करण्याची संधी मिळणे हे माझे भाग्य ठरेल' अशा वाक्यातून यजमानाला नवे काहीच कळत नाही. या भागाची एक साधी कसोटी आहे: प्रयोगशाळेचे नाव पुसून त्या जागी दुसऱ्या शहरातील प्रयोगशाळेचे नाव घालून वाचावे. मजकूर तसाच लागू पडत असेल, तर मेळ दाखवलेलाच नाही. (एकच निवेदन अनेक ठिकाणी धाडताना आधीच्या यजमानाचे नाव तसेच राहून जाण्याचा अपघातही घडतो. तो निस्तरता येत नाही.)

कल्पित अर्जात मेळ तीन गोष्टींवर उभा आहे. पहिली म्हणजे हिरडी-गालाच्या कर्करोगाचे ऊतक, जे रुग्णालयाशी जोडलेल्या केंद्रातच अभ्यासासाठी मिळू शकते. दुसरी म्हणजे तेथील गटाला असलेला मुखाच्या पेशी वाढवण्याचा अनुभव. हा अर्जदाराला नाही आणि तिने तो नसल्याचे मोकळेपणाने लिहिले आहे. तिसरी गोष्ट बहुतेक अर्जांत सुटते, ती म्हणजे यजमानाला काय मिळणार. मिश्र ऊतकातील पेशींच्या सीमा ओळखून त्यांची मोजणी करण्याची पद्धत तिने प्रबंधासाठी विकसित केली होती. ती तेथील गटाच्या इतर कामांतही वापरता येईल. केवळ शिकावयास येणारी व्यक्ती विद्यार्थी ठरते, आणि केवळ जुनेच काम पुढे नेऊ पाहणाऱ्या व्यक्तीला नव्या प्रयोगशाळेची गरज का भासावी, असा प्रश्न पडतो. देणे आणि घेणे या दोन्ही बाजू दिसल्या, तरच पोस्टडॉक म्हणून नेमणूक करण्यास कारण मिळते.

हे लिहिण्यासाठी यजमानाचे मागील तीनचार वर्षांतील निबंध मुळातून वाचावे लागतात. प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावरील परिचय पुष्कळदा जुना असतो. तेथे नमूद केलेले तंत्र जाणणारी व्यक्ती सोडून गेलेली असू शकते, किंवा गटाने तो विषयच सोडलेला असतो. निबंधाच्या लेखकांत ते काम करणाऱ्यांची नावे पाहून ती सध्याच्या सदस्यांच्या यादीत आहेत का हे ताडून पाहिल्यास अंदाज येतो. याउलट अडचणही संभवते, ती म्हणजे अर्जदार जो प्रयोग सुचवतो, तो तेथील पीएच.डी.चा विद्यार्थी वर्षभरापासून करत असणे. म्हणून निवेदन पक्के करण्यापूर्वी यजमानाला चारसहा ओळींचे पत्र लिहून प्रश्नाची कल्पना देणे इष्ट. राष्ट्रीय शिष्यवृत्त्यांसाठी यजमान मार्गदर्शकाची व संस्थेची लेखी संमती जोडावी लागतेच, तेव्हा हा पत्रव्यवहार टळण्यासारखा नसतो.

## मजकुराची पडताळणी

निवेदन बहुधा दोन प्रकारचे लोक वाचतात: यजमान शास्त्रज्ञ, जो विषयात मुरलेला असतो, आणि निवड समितीतील अन्य सदस्य, ज्यांचे क्षेत्र वेगळे असू शकते. पहिल्यासाठी मजकूर अचूक हवा, दुसऱ्यांसाठी सुगम. वरील उदाहरणातील ड्रॉन्क-कॅस्पेज घोटाळा विषयातील व्यक्तीलाच सापडला असता. उलट, 'पेशींची स्पर्धा' म्हणजे काय हे एका वाक्यात सांगितलेले नाही, ही उणीव विषयाबाहेरच्या वाचकालाच जाणवली असती. म्हणून मसुदा दोघांनाही दाखवावा लागतो.

विषयाबाहेरच्या वाचकाकडून 'छान आहे' असा अभिप्राय घेण्यात अर्थ नसतो. कागद बाजूला ठेवून त्याला तीन प्रश्न विचारावेत: अर्जदाराला काय आढळले, पहिला प्रयोग कोणता, आणि तो याच प्रयोगशाळेत का. ज्या प्रश्नाला तो अडखळेल, तो भाग पुन्हा लिहावयाचा असतो. बहुतेक वेळा तो तिसऱ्याला अडखळतो.

## मर्यादा

निवड एकट्या निवेदनावर होत नाही. शिफारसपत्रे, प्रकाशित निबंध आणि मुलाखत यांचा भार पुष्कळदा अधिक असतो. भारतातील अनेक संस्थांत प्रकल्पाच्या निधीतून भरली जाणारी रिसर्च असोसिएटची पदे थेट मुलाखतीने भरली जातात आणि तेथे निवेदन मागितलेच जात नाही. अशा प्रकल्पात प्रश्न आधीच ठरलेला असल्याने 'पुढील दिशा' स्वतंत्रपणे मांडण्यास वावही थोडा असतो. तेथे अर्जदाराने मंजूर प्रकल्पाचे शीर्षक आणि उद्दिष्टे मिळवून आपले मागील काम त्यातील कोणत्या उद्दिष्टाला उपयोगी पडेल, एवढेच एका पानात लिहून न्यावे. मुलाखतीतील पहिला प्रश्न बहुधा त्याच पानावरून येतो.